गावाकडचे कागद : विसार घेऊन जागामालक फिरला तर



यंदा सुट्टीवरून परत आलेल्या तीन निरनिराळ्या सभासदांनी आम्हाला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. गावाकडे प्लॉट ठरवला, विसार दिला, साठेखतही झाले, आणि आता जागामालक म्हणतो, "तुमचे पैसे घेऊन जा, मला विकायचे नाही." कारण उघड आहे. मध्यंतरी रस्ता मंजूर झाला, भाव वाढले. प्रश्न असा, की आपण पैसे मुकाट्याने परत घ्यायचे, की जागाच मागायची? आणि मागितली तर मिळते का?

मागता येते. मिळतेही, पण ज्या कारणाने मिळेल असे आपल्याला वाटते त्या कारणाने नव्हे. "मी पैसे दिलेत, मालक लबाड आहे" एवढ्यावर हा दावा जिंकता येत नाही. तो जिंकला जातो तो उरलेले पैसे देण्याची आपली तयारी सिद्ध करून. आणि परदेशी बसलेला खरेदीदार नेमका तिथेच अडकतो. म्हणून या खेपेला बाकीचे सगळे थोडक्यात सांगून त्या एका गोष्टीवर जरा जास्त जागा खर्च करणार आहोत.

आधी शब्द समजून घेऊ. करार मोडणाऱ्याकडून साधारणपणे नुकसानभरपाई मिळते. पण जमीन म्हणजे बाजारातून दुसरी आणता येईल अशी वस्तू नव्हे, म्हणून कायदा खरेदीदाराला "भरपाई नको, ठरल्याप्रमाणे खरेदीखतच करून द्या" असे मागू देतो. वकील मंडळी याला स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा म्हणतात. आपण करारपूर्तीचा दावा म्हणू. कायदा १९६३ चा, स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट. पूर्वी या कायद्यात असे कलम होते की, करार कायदेशीर असला तरी पूर्तीचा हुकूम द्यायचा की नाही हे न्यायाधीशांच्या विवेकावर. १ ऑक्टोबर २०१८ पासून दुरुस्ती लागू झाली आणि तो विवेकाचा भाग काढून टाकला. त्यानंतरच्या करारात खरेदीदाराने आपली बाजू नीट सिद्ध केली, तर कोर्टाने पूर्तीचा हुकूम द्यायचा आहे. "नीट सिद्ध केली तर" ही अट मात्र जिथल्या तिथे आहे.

पुष्कळांना एक शंका असते. साठेखतात वाक्य असते, की विक्रेत्याने करार मोडल्यास विसाराच्या दुप्पट रक्कम द्यावी. मग मालक दुप्पट विसार तोंडावर फेकून मोकळा होऊ शकतो का? बहुधा नाही. अशी रक्कम करार पाळला जावा म्हणून धाक घालण्यासाठी लिहिलेली असेल, तर ती लिहिली आहे म्हणून करारपूर्ती नाकारता येत नाही. पण "विक्रेत्याला विक्री करण्याऐवजी दुप्पट रक्कम देऊन मोकळे होण्याची मुभा राहील" अशी भाषा असेल, तर तो पर्याय आपणच त्याच्या हाती दिलेला असतो. सही करण्याआधी हे एक वाक्य तरी स्वतः वाचावे. भावाने किंवा मेहुण्याने वाचले म्हणजे आपण वाचले असे होत नाही.

आणखी एक गोष्ट सर्वांत आधी तपासायची, कारण ती चुकली तर पुढचे सगळे व्यर्थ. प्लॉट खरोखर बिनशेती आहे का? अनिवासी भारतीयाला किंवा ओ.सी.आय. कार्डधारकाला भारतात राहण्याची किंवा धंद्याची जागा घेता येते. शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आले तर गोष्ट वेगळी. शिवाय महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, मग तो कुठेही राहो. "आत्ता सातबारा शेतीचा आहे, पण खरेदीआधी एन.ए. करून देतो" या बोलीवर विसार देणारे आपल्यात कमी नाहीत. कायद्याने जी खरेदी होऊच शकत नाही, ती करून द्या असा हुकूम कोर्ट देत नाही. तिथे मग पैसे परत मिळवण्यासाठी वेगळे भांडावे लागते. पुढचे सगळे विवेचन ज्याचा प्लॉट बिनशेती आहे आणि ज्याने पैसे एन.आर.ई. किंवा एन.आर.ओ. खात्यातून बँकेमार्फत दिले आहेत, त्याच्यासाठी आहे.

आता उदाहरण घेऊ. हे कोणा एका सभासदाचे नाही. नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून आम्ही ते जुळवले आहे.

नाशिकच्या बाहेर दोनशे चौरस मीटरचा बिनशेती प्लॉट. किंमत ३० लाख. आपले सभासद इथे नोकरीला, नाशिकला त्यांचा धाकटा भाऊ. जानेवारी २०२४ मध्ये भावाने विसार म्हणून २ लाखांचा चेक दिला. १० मार्चला साठेखत झाले, तेव्हा आणखी ७ लाख सभासदांच्या एन.आर.ओ. खात्यातून थेट मालकाच्या खात्यात गेले. उरले २१ लाख. मालकाने दोन कामे करायची होती : सरकारी मोजणी करून घ्यायची आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दिसणारा पतसंस्थेचा बोजा कमी करून घ्यायचा. ती करून ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत खरेदीखत करायचे, उरलेले पैसे त्याच वेळी द्यायचे.

जुलै उजाडला, मोजणी नाही. भावाने फोन केला तर "साहेब गावाला गेलेत." ऑगस्टमध्ये "पतसंस्थेचा दाखला यायचाय." सप्टेंबरमध्ये गणपती. ऑक्टोबरमध्ये मालकाचे पत्र आले, की तुम्ही ठरल्या मुदतीत पैसे घेऊन आला नाहीत, सबब करार रद्द. तुमचे ९ लाख परत नेणे.

आपल्याला हसू येईल. दोन्ही कामे त्यानेच केली नाहीत आणि वर आपल्यालाच म्हणतो, पैसे आणले नाहीत! पण हे पत्र बावळटपणाने लिहिलेले नाही. त्यामागे चांगला वकील आहे. कायद्याच्या सोळाव्या कलमात म्हटले आहे, की करारातला आपला वाटा पार पाडायला आपण तयार आणि राजी होतो व आहोत, हे जो खरेदीदार सिद्ध करणार नाही त्याला करारपूर्ती मिळणार नाही. इंग्रजीत "रेडी अँड विलिंग" म्हणतात. मालकाची लबाडी हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न आपल्याला विचारला जातो.

तयार आणि राजी हे दोन वेगळे शब्द आहेत आणि कोर्ट ते वेगळे तपासते. तयार म्हणजे खिशात ऐपत होती का. राजी म्हणजे वागण्यातून इच्छा दिसत होती का. आणि हे एका दिवसापुरते नाही. कराराच्या दिवसापासून दाव्याचा निकाल लागेपर्यंत ती तयारी अखंड दिसायला हवी.

ऐपतीचे घ्या. कायदाच सांगतो, की कोर्टाने हुकूम केल्याशिवाय खरेदीदाराने प्रत्यक्ष पैसे कोर्टात भरलेच पाहिजेत असे नाही. २१ लाख खात्यात नुसते निजवून ठेवा असेही कोणी म्हणत नाही. पण ते कुठून आले असते हे कागदावर दाखवता यायला हवे. मुदत ठेवीची पावती, बँकेच्या खात्याचा उतारा, मंजूर झालेल्या कर्जाचे पत्र. "मी आखातात मोठ्या कंपनीत आहे, मला एवढा पगार आहे" हे उत्तर उलटतपासणीत टिकत नाही. समोरचा वकील शांतपणे विचारतो : सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या कोणत्या खात्यात किती रक्कम होती? उतारा दाखल केला आहे का? त्याच वर्षी आपण पुण्याला फ्लॅट घेतलात हे खरे आहे काय? त्याचे पैसे कुठून दिले? २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने यू. एन. कृष्णमूर्ती यांच्या प्रकरणात खरेदीदाराविरुद्ध निकाल दिला, त्याचे मुख्य कारण हेच होते, की वेळेला पैसा हाताशी होता असे दाखवणारा पुरावा त्याने आणला नव्हता.

म्हणून आमच्या उदाहरणातल्या सभासदांनी काय करायला हवे? साठेखताच्या महिन्यापासून दर महिन्याचे उतारे एका फाइलीत. इथल्या बँकेचे उतारे शिक्क्यानिशी घ्यावेत, कारण चार वर्षांनी मागायला जाल तेव्हा खाते बंद झालेले असते, किंवा तुम्हीच दुसऱ्या देशात गेलेले असता. ठेव मोडली तर तो पैसा कुठे ठेवला याचा कागद. नोकरी सुटली आणि ऐपत कर्जावर उभी राहिली तर त्या कर्जाचे मंजुरीपत्र. साखळीत एक कडी नसली तर वकील नेमका तिथेच बोट ठेवतो.

राजीपणाचे प्रकरण याहून नाजूक. इथे आपलीच माणसे आपला घात करतात, तेही चांगुलपणाने. भाऊ मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो, "दादाचा बोनस डिसेंबरात येतो, तोवर थोडं सांभाळून घ्या." बिचाऱ्याने मोजणीसाठी मालकाला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून लिहिलेले असते. कोर्टात त्याचा अर्थ एकच होतो : सप्टेंबरात पैसे नव्हते. किंवा सभासद स्वतः लिहितात, "दोन लाख कमी करा म्हणजे लगेच उरकून टाकू." ठरल्या किमतीला ते राजी नव्हते, असे त्यावरून म्हणता येते. साठेखत झाल्यावर भावाची घासाघीस लेखी करू नये. खरे तर तोंडीही करू नये.

उलट करायचे काय, तर मुदत संपायच्या आधीच वकिलामार्फत नोटीस पाठवायची. मजकुरात तीन गोष्टी हव्यात. उरलेले २१ लाख तयार आहेत. मोजणी आणि बोजा ही आपली दोन कामे बाकी आहेत, ती पुरी करा. अमुक तारखेला, अमुक वेळी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखतासाठी हजर राहा, आम्ही हजर राहू. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावी आणि पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा होऊन परत आले तर ते न फोडता जपून ठेवावे. मग त्या तारखेला खरोखर जायचे. मालक येणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. तरी जायचे, आणि गेल्याचा काही कागद करून ठेवायचा. त्याच दिवशी "आम्ही आलो, आपण आला नाहीत" असे दुसरे पत्र पाठवले तरी चालते.

आता मालकाचे ९ लाख. पत्राबरोबर चेक आला, किंवा हल्ली होते तसे न सांगता सवरता रक्कम खात्यात जमाच झाली, तर? घरातले म्हणतात, आधी पैसे तर घेऊन ठेवू, मग भांडू. तसे करू नये. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या संगीता सिन्हा यांच्या प्रकरणात विक्रेतीकडून करार रद्द केल्याचे कळवून डिमांड ड्राफ्ट आले होते आणि खरेदीदार बाईंनी ते वटवले होते. त्यावरून त्यांना खरेदी पुरी करायची इच्छा उरली नव्हती असे धरले गेले. तेव्हा चेक आला तर वटवू नये, परत पाठवावा. खात्यात परस्पर रक्कम आली तर त्याच आठवड्यात लेखी कळवावे, की हा परतावा आम्हाला मान्य नाही, आणि वकिलाच्या सल्ल्याने ती रक्कम परत करावी. त्या निकालातली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मालकाने करार रद्द केल्याचे पत्र दिले असेल, तर दाव्यात "हे रद्द करणे बेकायदेशीर आहे असे जाहीर करावे" ही मागणीही घालावी लागते. नुसते "खरेदीखत करून द्या" म्हटले तर समोरचा विचारतो, कोणत्या कराराचे? तो तर रद्द झाला.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला. हे सगळे कोर्टात शपथेवर सांगायचे कोणी?

आपला सरसकट समज असा, की भावाला मुखत्यारपत्र दिले म्हणजे काम झाले. भाऊ दावा दाखल करील, भाऊ सही करील, भाऊच साक्ष देईल. पहिल्या दोन गोष्टी बरोबर आहेत. मुखत्यार दाव्यावर सही करू शकतो, वकील नेमू शकतो, स्वतः जे केले व पाहिले त्याची साक्षही देऊ शकतो. पण "खरेदीदाराजवळ पैसे होते आणि त्याला घ्यायचेच होते" ही गोष्ट खरेदीदाराच्या मनातली आणि त्याच्या खात्यातली. ती त्यानेच सांगायची आणि उलटतपासणीला त्यानेच उभे राहायचे. २००४ साली जानकी भोजवानी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जी गोष्ट फक्त मालकालाच ठाऊक आहे तिची साक्ष मुखत्यार त्याच्या वतीने देऊ शकत नाही. २०१० साली मन कौर विरुद्ध हरतार सिंग संघा या खटल्यात तर खरेदीदार आपल्यासारखाच परदेशी राहणारा होता. तो साक्षीला आलाच नाही आणि करारपूर्ती गमावून बसला. २०२४ साली राजेश कुमार यांच्या प्रकरणात न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. आपल्या वकिलांना ही नावे सांगितली तर ते वाचून घेतील.

मन कौर खटल्यात एक खिडकी मात्र उघडी ठेवली आहे आणि ती आपल्या बऱ्याच घरांना लागू पडेल. एखाद्याचा सगळा कारभार जर मुखत्यारच पूर्णपणे पाहत असेल, तर तयारी आणि राजीपणाबद्दलही त्याची साक्ष मान्य होऊ शकते. न्यायालयाने दिलेल्या उदाहरणांत एक असे आहे : परदेशी राहणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा सारा व्यवहार पाहणारे आई-वडील. म्हणजे व्यवहार ठरवला वडिलांनी, खाते चालवतात वडील, पैसे दिले वडिलांनी, नोटीस दिली वडिलांनी, मुलगा फक्त नावापुरता. तर वडिलांची साक्ष चालण्याची शक्यता आहे. आमच्या उदाहरणातला भाऊ त्यात बसत नाही. पैसे दादाच्या खात्यातले, निर्णय दादाचे, भाऊ फक्त निरोप्या. तिथे दादालाच यावे लागेल.

यावे लागेल म्हणजे किती? सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते, ती तयार करून देता येते. प्रश्न उलटतपासणीचा. तारीख पडते, पुढे ढकलली जाते, आपली रजा संपते. न्यायाधीशांना आधी अर्ज देऊन सुट्टीच्या काळातली ठराविक तारीख मागता येते. कागद दाखवून मागितली तर पुष्कळदा मिळते. दुसरा मार्ग व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा. २००३ साली प्रफुल्ल देसाई यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतल्या एका डॉक्टरांची साक्ष अशा पद्धतीने घ्यायला मान्यता दिली होती. ते प्रकरण मुंबईचेच होते आणि फौजदारी होते; दिवाणी दाव्यातही आता अशी परवानगी मिळते. पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. आणि आमचे मत असे, की एवढ्या रकमेच्या दाव्यात विमानाचे तिकीट काढून जावे. समोर उभे राहून "होय, या पानावरचे खाते माझेच" असे म्हणणाऱ्या माणसाचे वजन पडद्यावरच्या माणसाला येत नाही.

मुखत्यारपत्राबद्दल एवढेच, की ते इथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर तिकडचे मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. कपाटात पडून राहिलेले मुखत्यारपत्र ऐन वेळी अडते.

दावा कुठे आणि कधी? जमीन जिथे आहे तिथल्याच दिवाणी न्यायालयात. आमच्या उदाहरणात नाशिकला. मुदत तीन वर्षे. करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचे आपल्याला कळले त्या दिवसापासून. इथे तारीख ३० सप्टेंबर २०२४, म्हणजे दावा ३० सप्टेंबर २०२७ च्या आत दाखल व्हायलाच हवा. मालक "बघू, दिवाळीनंतर" म्हणत गेला म्हणून ही तीन वर्षे थांबत नाहीत. आणि तीन वर्षे आहेत म्हणून शेवटच्या महिन्यापर्यंत बसूही नये. वर्षभर काहीच न करता नंतर जागे झालेला खरेदीदार "राजी" कसा, हा प्रश्न येतोच.

कोर्ट फी भरलेल्या ९ लाखांवर नाही, तर पूर्ण ३० लाखांवर बसते, हे ऐकून बरेच जण दचकतात. आधी हिशेब विचारून घ्यावा. साठेखत नोंदवलेले नसले तरी या दाव्यात ते पुरावा म्हणून चालते. मुद्रांक कमी असेल तर मात्र तो दंडासह भरावा लागतो. नोंदवलेल्या साठेखताचा फायदा दुसरीकडे आहे. मालकाने तीच जागा तिसऱ्याला विकली, तर तो तिसरा "मला काहीच माहीत नव्हते" असे म्हणू शकत नाही. म्हणून शक्य असेल तर नोंदवावेच.

दावा दाखल करताना त्याच दिवशी मनाई हुकमाचा अर्ज द्यावा, की निकाल लागेपर्यंत मालकाने जागा विकू नये, गहाण टाकू नये. आणि महाराष्ट्रात एक जास्तीचे काम आहे, जे बाहेरच्या राज्यातले वकील कधी कधी विसरतात. दावा चालू असताना विकलेली जागा निकालाला बांधील राहते हा सर्वसाधारण नियम. पण मुंबई राज्याच्या १९३९ च्या दुरुस्तीनुसार, ती जिथे लागू आहे तिथे, दाव्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवली तरच हे संरक्षण मिळते. वकील लोक याला लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात. दावा दाखल झाला की चारआठ दिवसांत ती नोंदवून घ्यावी.

दाव्यात पर्यायी मागणी घालायला विसरू नये : काही कारणाने खरेदीखत मिळत नसेल तर ९ लाख व्याजासह परत द्यावेत. कायदा सांगतो, की ही मागणी लिहिलेली नसेल तर कोर्ट ती देणार नाही. मागाहून दुरुस्ती करता येते, पण कशाला ती दगदग? विक्रेत्याला दिलेल्या रकमेपुरता खरेदीदाराचा त्या जागेवर बोजाही राहतो, तोही याच वेळी मागून घ्यावा.

वेळ किती लागेल? २०१८ च्या दुरुस्तीत समन्स बजावल्यापासून बारा महिन्यांत दावा संपवावा असे लिहिले आहे. कारण नोंदवून फार तर आणखी सहा महिने. नाशिकला किंवा कुठेही त्या वेळापत्रकावर भरवसा ठेवून परतीचे तिकीट काढू नये. मधेच मालकाकडून बोलणी येतात, बहुधा मनाई हुकूम झाल्यावर. "तीस नाही, छत्तीसला देतो." दावा अर्ध्यावर असताना अशी तडजोड करावी की नाही, हे ज्याने त्याने आपल्या वयाकडे आणि नोकरीकडे पाहून ठरवावे, आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही. केलीच तर ती कोर्टात लिहून, दोघांच्या सह्यांनी नोंदवून घ्यावी. चहाच्या टपरीवर ठरलेली तडजोड म्हणजे दुसरे साठेखतच.

आणि समजा निकाल आपल्या बाजूने लागला. इथे खूप जण निर्धास्त होतात आणि इथेच काहींची जागा जाते. हुकमात लिहिलेले असते, की खरेदीदाराने उरलेले २१ लाख अमुक महिन्यांत कोर्टात भरावेत. ती मुदत चुकली तर मालक त्याच कोर्टात अर्ज करून करार रद्द करून मागू शकतो, आणि मग इतक्या वर्षांची मेहनत वाया. निकाल लागल्याची बातमी भावाकडून उशिरा कळली, पैसे पाठवायला बँकेत अडचण आली, मालकाने अपील केले म्हणून थांबलो, असली कारणे घेऊन मुदत वाढवून मागता येते, पण ती मिळेलच असे नाही. नुसत्या अपिलाने हुकूम थांबत नाही. वरच्या कोर्टाने स्थगिती द्यावी लागते. म्हणून निकालाची तारीख जवळ आली की रक्कम एन.आर.ओ. किंवा एन.आर.ई. खात्यात आणून ठेवावी आणि निकालानंतर पहिल्याच आठवड्यात भरून पावती घ्यावी.

पैसे भरूनही मालक सही करायला आला नाही तर अडत नाही. दरखास्त दाखल करायची. कोर्ट खरेदीखताचा मसुदा मंजूर करते आणि मालकाच्या वतीने कोर्टाचा अधिकारी सही करून नोंदणी करून देतो. त्यानंतर फेरफार नोंदवून सातबाऱ्यावर आपले नाव चढवायचे काम भावाकडे सोपवायला हरकत नाही.

पुढच्या अंकात मुखत्यारपत्राविषयी सविस्तर लिहू. कोणाचे साठेखत सहीच्या वाटेवर असेल तर त्याची झेरॉक्स, नावे झाकून, महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे द्यावी. दोन-तीन कागद निवडून त्यांतली वाक्ये इथे तपासून पाहता येतील.